गोष्ट वाचून सांगा: आईस्क्रीम, उष्माघात आणि ओंकारच्या 24 चिठ्ठ्या

कृष्णाकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी सांगलीत अकरावी-बारावीच्या मुलांना गणित आणि संख्याशास्त्र शिकवतो. मे महिन्यात वाचनालयात मुलांसमोर वाचण्यासाठी एक छोटी गोष्ट लिहिली आहे. तिच्यातली माणसं आणि आकडे मी रचलेले आहेत, पण बेरजा-भागाकार तीनदा तपासले आहेत. ओंकारला आपली चूक जिथे उमगते तो प्रसंग खरा वाटतो का, एवढं मला विचारायचं आहे. दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं नसतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि पुढच्याच आठवड्यात तीच चूक करतात. फळ्याने जे होत नाही ते गोष्टीने व्हावं असं मनापासून वाटतं.

गोष्ट अशी:

ओंकारच्या आज्जीचं एक मत पक्कं होतं. बर्फ हाताला गार, पण पोटात गेला की उष्ण पडतो. उन्हातून आलेल्या माणसाला ती माठातलं पाणीसुद्धा दहा मिनिटं बसवून मग द्यायची.

अकरावीची परीक्षा संपली तेव्हा ओंकारला कॉलेजच्या प्रदर्शनासाठी प्रकल्प करायचा होता. विश्रामबागेत नानाकाकांचं आईस्क्रीमचं दुकान होतं आणि रोज किती कप गेले ते काका लाल कापडी बांधणीच्या वहीत टिपून ठेवायचे. मावशी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात नर्स होती. मोठ्या डॉक्टरांना विचारून तिने त्याला फक्त तारखा आणि त्या दिवशी ऊन लागून आलेल्या रुग्णांचा आकडा दिला, नाव एकाचंही नाही. दोन्हीकडचे आकडे मिळाले असे एप्रिल-मेमधले 24 दिवस निघाले.

ओंकारने आलेख काढला. आईस्क्रीमची रेघ निळी, रुग्णांची लाल. निळी चढली की लाल चढत होती, निळी उतरली की लाल उतरत होती. मग त्याने दिवसांचे दोन भाग केले. 150 पेक्षा कमी कप गेले असे 12 दिवस, त्यात मिळून 20 रुग्ण. 150 च्या वर गेले असे 12 दिवस, त्यात 45 रुग्ण. दिवसाला पावणेदोनाच्या आसपास एकीकडे आणि पावणेचार दुसरीकडे. सव्वादोन पट! रात्री अकराला त्याने आज्जीला उठवून सांगितलं, "आज्जी, तू म्हणत होतीस ते आकड्यात निघालं." आज्जी म्हणाली, "मग मी काय खोटं सांगत होते होय?" आणि कूस बदलून झोपली.

सकाळी त्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आईस्क्रीम टाळा, उष्माघात टाळा.

देसाई मॅडमनी पुठ्ठा पाहिला. त्यांनी एकच विचारलं, "ऊन कुठे लिहिलंयस?"

ओंकार वाचनालयात जाऊन बसला. जुन्या वर्तमानपत्रांतून 24 दिवसांची कमाल तापमानं उतरवून घेतली. घरी आल्यावर त्याने जुन्या लग्नपत्रिका कापून 24 चिठ्ठ्या केल्या. एका कोपऱ्यात तापमान, मधे कप, खाली रुग्ण. मग जमिनीवर बसून तापमान बघून तीन ढीग लावले: 35 अंशांपर्यंतचा, 36 ते 38 चा आणि 39 व त्याच्या वरचा. प्रत्येकात आठ चिठ्ठ्या आल्या. आता प्रत्येक ढिगात कमी विक्रीचे दिवस डावीकडे, जास्त विक्रीचे उजवीकडे.

थंड ढिगात कमी विक्रीचे सात दिवस होते, त्यात सहा रुग्ण. जास्त विक्रीचा एकच दिवस, त्यात एक. मधल्या ढिगात चार दिवस डावीकडे, नऊ रुग्ण. चार उजवीकडे, आठ रुग्ण. तापलेल्या ढिगात कमी विक्रीचा एकच दिवस, पाच रुग्ण. जास्त विक्रीचे सात दिवस, 36 रुग्ण, म्हणजे दिवसाला पाचाच्या थोडे वर.

त्याने पुन्हा मोजलं. डाव्या बाजूची बेरीज 20, उजव्या बाजूची 45. आकडे तेच होते. पण कुठल्याही एका ढिगात डावं-उजवं करून पाहिलं तर आईस्क्रीम कमी गेलं काय आणि जास्त गेलं काय, दिवसाला रुग्ण जवळजवळ तेवढेच. सव्वादोन पट कुठे गेलं, ते त्याला कळेना.

संध्याकाळी नानाकाका चहाला आले. वाकून चिठ्ठ्या बघता बघता त्यांनी दोन उचलल्या. "ही बघ. ह्या दिवशी आमचा डीप फ्रीजर बसला होता. कॉम्प्रेसर जळाला. दुपारपर्यंत होतं तेवढं वाटून टाकलं आणि शटर ओढलं." चिठ्ठीवर लिहिलं होतं: 41 अंश, 30 कप, रुग्ण पाच.

"आणि ही. आदल्या दिवशी वळीव झाला होता, हवा गार पडली होती. पण हरिपूर रोडला लग्न होतं, चारशे कपांची ऑर्डर होती." 34 अंश, 430 कप, रुग्ण एक.

ओंकार दोन्ही चिठ्ठ्या हातात धरून बराच वेळ बसला. आईस्क्रीम जवळजवळ नव्हतं, तरी पाच जणांना ऊन लागलं. आईस्क्रीम ढिगाने होतं, तरी एकालाच लागलं. त्याने पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिसरी रेघ काढायला घेतली.

आबा_मिरज

मास्तर, गोष्ट चांगली उतरली आहे. मी सरकारी सांख्यिकी खात्यात 31 वर्षं काढली, म्हणून थोडं कसून बोलतो, राग मानू नका.

तुमच्या तापलेल्या ढिगात कमी विक्रीचा दिवस एकच आहे. त्या दिवशी पाच रुग्ण आले, पण दोन आले असते किंवा आठ आले असते तरी कुणाला नवल वाटलं नसतं. इतक्या छोट्या आकड्यांत एवढी चढउतार नुसत्या योगायोगानेच होते. दोन आले असते तर ओंकार "बघा, आईस्क्रीम बंद आणि रुग्ण कमी" म्हणत पहिला पुठ्ठा पुन्हा टांगून आला असता. थंड ढिगाचंही तेच, तिथे जास्त विक्रीचा दिवस एकच. खरं वजन आहे ते मधल्या ढिगाला, कारण तिथे चारास चार दिवस समोरासमोर उभे आहेत. ओंकारने भर तिथे द्यायला हवा.

हे असं का झालं तेही मुलांना सांगा. ऊन आणि आईस्क्रीम इतके एकमेकांना बांधलेले आहेत की कडक उन्हात विक्री कमी असा दिवस सहजासहजी सापडतच नाही. तुलनेलाच कुणी नसेल तर आकडे कितीही गोळा करा, ते बोलत नाहीत. म्हणून तुमच्या नानाकाकांनी उचललेल्या दोन चिठ्ठ्या मला सगळ्या गोष्टीत मोलाच्या वाटल्या. कॉम्प्रेसर रुग्ण किती येणार ते बघून जळाला नाही आणि लग्नाचा मुहूर्त तापमान बघून निघाला नाही. आईस्क्रीम उन्हाला सोडून स्वतंत्र हललं असे ते दिवस. शोधायचे ते हेच. गावची जत्रा, वीज गेलेली संध्याकाळ, मालक परगावी गेला म्हणून बंद दुकान. दोन उन्हाळ्यांच्या वह्या चाळल्या तर असे वीस-पंचवीस दिवस मिळतील, आणि मग एका चिठ्ठीवर बोलावं लागणार नाही.

सुनंदा_आष्टा

मास्तर, गोष्ट आवडली, पण आज्जीला तुम्ही चुकीचं ठरवलंत ते मला पटलं नाही. आमच्या घरचंच सांगते. मागच्या वर्षी माझी पुतणी भुईमुगाच्या शेंगा काढायला रानात होती. दुपारी एकला बांधावर कुल्फीवाला आला, तिने कुल्फी खाल्ली आणि अर्ध्या तासात चक्कर येऊन पडली. अंग नुसतं भट्टीसारखं. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. आता ह्याला काय म्हणायचं? उन्हातून आल्या आल्या गार खाऊ नये हे आमच्या सासूबाईसुद्धा सांगायच्या. अनुभवाचे बोल असतात हे.

सिस्टर_तासगाव

सुनंदाताई, पुतणी आता बरी आहे ना? मी बावीस वर्षं नर्सिंग करते, त्यातले बरेच उन्हाळे तातडीच्या वॉर्डात गेले. तुमच्यासारखं सांगणारे नातेवाईक मला दर मे महिन्यात भेटतात, म्हणून मनापासून लिहिते.

ती रानात कधीपासून होती? सकाळी आठ-नऊपासून असेल तर एक वाजेपर्यंत चार-पाच तास ऊन अंगावर होतं. शरीर तापायला लागलं की आधी डोकं जड होतं, मळमळतं, तोंड कोरडं पडतं, गार काहीतरी हवं असं वाटतं. नेमकं तेव्हाच माणूस कुल्फी घेतो, उसाचा रस घेतो, सोडा घेतो. त्यानंतर कोसळतो. घरच्यांच्या डोळ्यांसमोर शेवटची गोष्ट कुल्फीची असते, म्हणून ती लक्षात राहते. ऊन सकाळपासूनच होतं, त्याची आठवण कुणी काढत नाही. मला विचाराल तर कुल्फीने तिला आजारी पाडलं नाही. ती आजारी पडायला लागली होती म्हणून तिला कुल्फी हवीशी झाली.

मास्तर, गोष्टीबद्दल एक. तुमच्या मावशीने फक्त तारीख दिली. आमच्या नोंदवहीत वेळही असते. ऊन लागलेले रुग्ण बहुतेक दुपारी बारा ते पाचमध्ये येतात. विश्रामबागेत आईस्क्रीम खपतं ते रात्री जेवणं झाल्यावर, आठ ते अकरा. दुपारी दोनला आलेला रुग्ण रात्री नऊला विकलेल्या कपाने कसा आजारी पडेल? दिवसाची एकच बेरीज केली की हा उलटा क्रम झाकला जातो.

आणि माणसंही वेगळी. आमच्याकडे येतात ते वीटभट्टीवरचे, हमाल, रोजगार हमीच्या कामावरचे, जत-कवठे महांकाळकडून आलेले, आणि एकटे राहणारे म्हातारे. विश्रामबागेत सहकुटुंब आईस्क्रीम खाणारा माणूस दुपारी पंख्याखाली झोपलेला असतो. ज्यांनी खाल्लं ते आणि ज्यांना ऊन लागलं ते एकच आहेत का, हे ओंकारने एकदाही विचारलं नाही.

कुल्फीवाला_कुपवाड

माझी पण ऐका राव. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला बारा वर्षं मटका कुल्फीची गाडी आहे. धाग्याचं नाव वाचून पोटात गोळाच आला, म्हटलं आता ह्यात पण आम्हीच गुन्हेगार. पूर्ण वाचल्यावर बरं वाटलं.

सिस्टर बोलल्या ते अगदी खरं. लोकांना वाटतं जितकं ऊन तितका धंदा. तसं नाही. 41-42 झालं की दुपारी दोन ते चार रस्त्यावर कुत्रं पण नसतं, गाडीवर मी एकटाच. त्या वेळात पाच कुल्फ्या जाणं मुश्किल. धंदा होतो सात नंतर. 37-38 ला दुपारचा पण बरा होतो कारण माणसं बाहेर असतात. म्हणजे दुपारचा धंदा आणि संध्याकाळचा धंदा हे दोन वेगळे धंदे आहेत असं समजा.

संकेत_आयटी

छान चर्चा. पण आबा उगाच गुंतागुंत करताहेत असं वाटतं. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, विषय संपला. दोन गोष्टी सोबत वाढल्या तर त्यातून काहीच कळत नाही. तिसरी गोष्ट शोधायची, इथे तापमान, ती स्थिर धरायची, संबंध नाहीसा झाला की तीच खरं कारण हे सिद्ध. ओंकारने ढीग लावले तिथेच सिद्ध झालं. चिठ्ठ्यांचा प्रसंग काढला तरी चालेल.

आबा_मिरज

संकेत, अर्धं बरोबर आहे तुझं. संबंधातून काहीच कळत नाही असं मात्र म्हणू नकोस. निळी आणि लाल रेघ सोबत चढल्या म्हणूनच तर ओंकार तिसऱ्या गोष्टीच्या शोधाला लागला. कुठेतरी काहीतरी बांधलेलं आहे एवढं त्या रेघांनी खरंच सांगितलं. काय बांधलंय ते सांगितलं नाही.

दुसरं, ढीग लावून तापमान "सिद्ध" होत नाही. त्या 24 चिठ्ठ्यांत तापमान आणि रुग्ण यांचा संबंधसुद्धा नुसता सोबत वाढण्याचाच आहे. उन्हाने माणूस आजारी पडतो हे आपण चिठ्ठ्यांवरून मानत नाही. शरीर तापतं कसं, घाम कमी का पडतो, हे सिस्टरसारख्यांनी हजारो रुग्णांत पाहिलंय म्हणून मानतो. समज, तापमानाऐवजी ओंकारने रसवंतीतल्या उसाच्या रसाचे पेले लिहिले असते आणि त्यावर ढीग लावले असते, तरी आईस्क्रीमचा संबंध बराचसा विरला असता, कारण रसही उन्हाबरोबरच वाढतो. मग रसाने ऊन लागतं असं म्हणशील का? कुठली गोष्ट स्थिर धरायची हे आकडे सांगत नाहीत, ते त्या कामातल्या माणसाला विचारावं लागतं.

आणि ढीगही पुरते स्वच्छ नाहीत. 36 आणि 38 एकाच ढिगात आहेत. 38 च्या दिवशी विक्रीही थोडी जास्त आणि रुग्णही थोडे जास्त असू शकतात, म्हणजे ढिगाच्या आत थोडं ऊन शिल्लक राहतंच. ढीग बारीक करावेत तर एकेकात दोन-तीनच चिठ्ठ्या उरतात. ही ओढाताण कायमची आहे.

सिस्टर_तासगाव

आबा म्हणतात ते ऐकून एक भर घालते. वर्तमानपत्रातलं कमाल तापमान म्हणजे माणसाच्या अंगाला लागलेली उष्णता नव्हे. मार्चअखेरचे पहिले चार-पाच कडक दिवस आम्हाला मे महिन्यातल्या तेवढ्याच तापमानापेक्षा जड जातात. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं. तीच मंडळी, तेच 39 अंश, पण महिना वेगळा.

हवेतला दमटपणाही आहे. वळीव येण्याआधी ढगाळ, कोंदट दुपार असते तेव्हा घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली. तासन्‌तास उन्हात बसणं आणि दमट हवा, दोन्ही एकत्र आलं होतं. ओंकारच्या चिठ्ठीवर त्या दिवसाचा एक आकडा लिहिला असता तर तो फार भयंकर दिसला नसता.

आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: ऊन लागलेला माणूस बरळायला लागला, ओळख पटेना, झोकांड्या द्यायला लागला, तर ती साधी चक्कर नाही. शरीराचं आतलं तापमान 40 च्या वर गेलेलं असू शकतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, कष्टाचं काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम असतो.

सुनंदा_आष्टा

सिस्टर, पुतणी बरी आहे, विचारलंत म्हणून बरं वाटलं. हो, ती सकाळी आठलाच रानात गेली होती. तुम्ही म्हणता तसं असेलही. पण कुल्फी खाल्ली नसती तर पडली नसती की नाही, हे तुम्हीसुद्धा खात्रीने सांगू शकत नाही ना? मी तरी मुलांना उन्हातून आल्यावर दहा मिनिटं बसवणारच.

आबा_मिरज

सुनंदाताई, त्या एका मुलीबद्दल खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, हे तुमचं बरोबर आहे. तीच मुलगी, तोच दिवस, कुल्फीशिवाय पुन्हा घडवता येत नाही. पण त्या दिवशी त्याच रानात, तितकेच तास शेंगा काढणाऱ्या बाकीच्या बायका होत्या. त्यांच्यातल्या किती जणींनी कुल्फी खाल्ली आणि पडल्या नाहीत? किती जणींनी खाल्ली नाही आणि तरी चक्कर आली? हे विचारून बघा, मलाही जाणून घ्यायचं आहे.

कृष्णाकाठचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून गोष्ट पुन्हा वाचली. संकेत, दोन चिठ्ठ्यांचा प्रसंग मी ठेवणार, किंबहुना वाढवणार. ओंकार नानाकाकांच्या जुन्या वह्या मागून घेतो आणि दुकान बंद असलेले दिवस शोधत बसतो, असं लिहितो. मावशी त्याला वेळेचा रकाना दाखवते, हाही प्रसंग येईल. रुग्ण दुपारी, कप रात्री, हे मुलांच्या लगेच डोक्यात शिरेल.

आज्जीचं काय करायचं ते अजून ठरत नाही. सुनंदाताईंचं वाचून वाटलं की तिला हरवायला नको. ओंकारने आकडे नीट पाहिले नाहीत ते मुळात आज्जीचं आधीपासून ऐकलेलं होतं म्हणून. उत्तर आवडीचं निघालं तेव्हा तपासायचं त्याला सुचलं नाही. दुसऱ्या सकाळी तो तिला काय सांगेल, ते मी चार वेळा लिहून खोडलं. शेवटी असं लिहिलंय की ती त्याला उन्हातून आल्यावर नेहमीसारखीच बसवते, आणि तो बसतो. हातात चिठ्ठ्या असतात.

कुल्फीवाला_कुपवाड

मास्तर, वह्या पाहिजेत तर माझ्या घ्या. 2 वर्षांच्या आहेत. मी दुपारचं आणि रात्रीचं वेगळं लिहितो कारण बर्फ दोनदा भरावा लागतो. गाडी कधी लावली नाही ते पण आहे, पोरीच्या बारशाला चार दिवस, आणि आई आजारी होती तेव्हा आठवडाभर, भर मे मध्ये. रविवारी सकाळी या, गाडी तेव्हा घरीच असते.